अण्णांना कळवायचं राहिलंय

शालूबाई सांगली सोडून चालल्या आहेत, ही बातमी आमच्या गल्लीत सगळ्यांना होती. फक्त एका माणसाला नव्हती, आणि त्याला ती कळू नये म्हणून सगळी गल्ली झटत होती. हा माणूस म्हणजे कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार शांतिनाथ अण्णा. शालूबाईंनी प्रत्येकाला दारात गाठून बजावलं होतं, "अण्णांना मी सांगणार हाय. दुसऱ्या कुणाच्या तोंडातनं गेलं तर माझ्याशी गाठ हाय." आमच्या गल्लीत गुपित टिकत नाही. पण शालूबाईंशी गाठ म्हणजे काय ते गल्लीला माहीत आहे, म्हणून हे टिकलं.

शालूबाई मूळच्या वडूजच्या. मालक मिल्ट्रीत हवालदार होते. त्यांनी सगळा देश पाहिला आणि निवृत्त झाल्यावर पोराच्या शाळेसाठी सांगलीच्या गावभागात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, माझ्या खालच्याच. हवालदार पेन्शनीत थोडेच दिवस जगले. शालूबाई रडल्या, उठल्या आणि कांदा-लसूण चटणी करून विकायला लागल्या. आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षभर पुरणारा तो लाल मसाला. तो घरात नसेल तर त्या घराला घर म्हणायचं की नाही याबद्दल दुमत होऊ शकतं.

चटणीला लागणारा सगळा माल अण्णांकडून यायचा. रंगाला ब्याडगी, जाळाला संकेश्वरी, धणे, तीळ, सुकं खोबरं, हळकुंड. अण्णा मिरचीचं देठ मोडून वास घेत, नाक मुरडत किंवा न मुरडत, आणि न मुरडलेली मिरची वैनींना देत. ते त्यांना वैनी म्हणायचे, हवालदारांच्या नात्यानं. पुढं चैत्रात डंक्यावर मिरची कुटून झाली, की तयार चटणीचे डबे अण्णांच्याच दुकानाच्या बाहेरच्या फळीवर येऊन बसायचे. बाहेरच्या, कारण अण्णा कांदा-लसूण खात नाहीत आणि दुकानाच्या आत येऊही देत नाहीत. थोडक्यात, सांगलीतल्या एका नामांकित कांदा-लसूण चटणीचा अर्धा व्यवहार ती जन्मात जिभेला न लावलेला माणूस सांभाळत होता. जगात याहून चमत्कारिक भागीदाऱ्या आहेत, पण त्या इतक्या चालत नाहीत.

शालूबाईंचा मुलगा वीरधवल शिरवळला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याची बायको पल्लवी हिलाही तिथंच नोकरी लागली, आणि दोन वर्षांच्या नातीला बघायचं कोणी हा प्रश्न गौरीच्या जेवणात निघाला. गौरी विसर्जनाला गेल्या तेव्हा उत्तर ठरलेलं होतं. शालूबाईंनी वर्षातून महिनाभर शिरवळला जाऊन येणं हे नेहमीचंच होतं. या वेळी खोल्या सोडायच्या होत्या. पितृपंधरवडा सोमवारी लागत होता, त्याच्या आत सामान हललं पाहिजे, म्हणून टेम्पो रविवारचा ठरला.

आता अण्णांना सांगायचं तर दिवस पर्युषणाचे. दहा दिवस अण्णा दिवसातून एकदाच जेवतात, सकाळ जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, पूजेत जाते, आणि दुकान संध्याकाळी तासभर उघडतं, तेही गिऱ्हाइकांना सवय राहावी म्हणून. शालूबाई रोज त्या तासात जायच्या. अण्णा विचारायचे, "काय देऊ वैनी?" दुकानात उभं राहून या प्रश्नाला 'मी गाव सोडून चालले' हे उत्तर देता येत नाही. शालूबाई म्हणायच्या, "जिरं द्या पावशेर." घर आवरायला घेतलेल्या बाईच्या घरात त्या आठवड्यात जिरं, मोहरी, धुण्याचा साबण आणि कापूर यांचा साठा वाढत गेला. सामान भरायला रिकामे खोकेही त्यांनी अण्णांकडूनच नेले. अण्णांनी विचारलं, "कशाला लागतात?" तर म्हणाल्या, "माळा आवरतीया." अण्णांनी चांगल्यातले, तेलाचे डाग नसलेले खोके निवडून दिले. ते बघून त्यांना आणखीच सांगवेना.

असं करता करता शनिवार उजाडला, अनंत चतुर्दशीचा. त्या दिवशी अण्णांचा पाण्याशिवाय उपवास आणि वर मौन. मौन पाळणाऱ्या माणसाला असली बातमी द्यायची म्हणजे त्याला 'का?' सुद्धा विचारता यायचं नाही. रविवारी सकाळी टेम्पो. तेव्हा दुपारी शालूबाई माझ्याकडे वर आल्या आणि मोबाईल माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "सर, अण्णांना येक मेसेज लिवा. तुमी लायब्रीत होता, तुमास्नी येतंय."

चाळीस वर्षं ग्रंथालयात इतरांनी लिहिलेलं रांगेत लावण्याचं काम केलेल्या माणसाला लिहिता येतं, हा एक सार्वत्रिक समज आहे. मी तो मोडला नाही. मी लिहिलं, 'आदरणीय श्री. शांतिनाथ अण्णा यांस, सप्रेम नमस्कार.' आणि वाचून दाखवलं.

"आदरणीय काय? त्येंचा सत्कार हाय काय? अण्णा लिवा नुसतं."

अण्णा लिहिलं. पुढं लिहिलं, 'मी उद्या कायमची सांगली सोडून जात आहे.'

शालूबाईंनी कानाला हात लावला. "आवं सर. कायमची जाते असं लिवत्यात व्हय कुणी? आज चतुर्दशी. त्येंचा उपास. कायमचं माणूस कवा जातंय?"

कायमचं खोडलं. 'सोडून' खोडलं, कारण गाव सोडत नसतात, गावानं काय वाकडं केलंय. 'जात आहे' तर गेलंच. दिवा विझवायचा असला तरी शांत करतात, बांगडी फुटली तरी ती वाढवतात, आणि दुकान बंद करणारे अण्णासुद्धा रोज रात्री ते वाढवतातच. या हिशेबानं शालूबाईंचं सांगली सोडणं हे काय धरायचं ते मला सुचेना. शेवटी त्यांनीच सांगितलं, "शिरवळला पोराकडं निघालीया, असं लिवा. बास."

"पण ते तर तुम्ही दरवर्षी जाता."

"मग? तितंच निघालीया न्हवं?"

मी पुढं आभाराकडे वळलो. इतकी वर्षं तुम्ही जो आधार दिलात, वगैरे. महापुराच्या वर्षी अण्णांच्या दुकानात कमरेएवढं पाणी होतं आणि शालूबाई त्यांच्या वरच्या मजल्यावर होत्या, सूर्यास्ताच्या आत जेवत, कांदा-लसणाशिवाय. पाणी ओसरल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "पुराचं काय न्हाई वो, पर सा वाजता जेवल्यावर रात्री दहाला माणसानं करायचं काय?" तो प्रसंग मी दोन ओळींत छान बसवला होता.

"ह्ये काढा," शालूबाई म्हणाल्या.

"का?"

"आभार मानलं की फिटलं असं होतंय. मला फेडायचं न्हाई. ऱ्हाऊ द्या तसंच." मग म्हणाल्या, "आन पुराचं तर अजाबात नको. त्येंनी केलं ते आपण बोलून दाखवायचं म्हंजी त्येंला लाजवल्यागत हाय."

ते गेलं. चटणीची गिऱ्हाइकं अण्णांकडे विचारत येतील, त्यांना काय सांगायचं हे मी घातलं, तेही गेलं. आजच्या दिवशी त्यांना कांद्या-लसणाचं वाचायला लावू नये, इतका विचार त्यांनी केला होता. माझ्या मजकुरात उरलं ते 'अण्णा' आणि शेवटचं नेहमीचं, तब्येतीचं आणि घरी येण्याचं. त्यात शालूबाईंनी स्वतःची एक ओळ घातली, जी अशा वेळी आमच्याकडे म्हणायचीच असते. मजकूर झाला तो असा:

'अण्णा, शिरवळला पोराकडे निघाले आहे. आजवर काही चुकलं माकलं असेल तर पोटात घाला. तब्येतीला जपा. काकूंना सांगा. पुण्याकडे आलात तर शिरवळ रस्त्यावरच आहे, घरी आल्याशिवाय पुढं जायचं नाही. — शालू'

मी म्हटलं, "यात तुम्ही परत येणार नाही हे कुठं आहे?"

"न्हाई कसं? चुकलं माकलं पोटात घाला म्हटलंय न्हवं. माणूस असं कवा म्हणतंय? अण्णा समजून घेतील. मिरचीचं देठ बघून वजन सांगत्यात, त्येंला एवढं कळत न्हाई व्हय?"

हे मला पटलं. वर दोन हात जोडलेलं चित्र टाकलं आणि मेसेज पाठवला. अण्णांचा मोबाईल बंद होता. खाली ढोल-ताशे वाजत होते, गल्लीचा गणपती निघाला होता. शालूबाई खाली जाऊन उरलेले खोके बांधायला लागल्या, आणि बऱ्याच दिवसांनी मोकळ्या मनानं.

जे आमच्या दोघांच्या लक्षात आलं नाही ते असं. पर्युषण संपलं की जैन मंडळी क्षमावाणी पाळतात. वर्षभरात कळत नकळत कोणाला दुखावलं असेल तर त्याची क्षमा मागायची, प्रत्येकाची, हात जोडून. खरी क्षमावाणी सोमवारी होती. पण मोबाईल आल्यापासून लोक दोन दिवस आधीच क्षमा मागायला लागतात, रेशनच्या रांगेत पिशवी ठेवावी तसं. अण्णांच्या ओळखीचे जैन नसलेले लोकही त्यांना उलट 'चुकलं माकलं पोटात घाला' असं लिहून पाठवतात. शालूबाईंनीही ते दरवर्षी पाठवलेलं होतं.

रविवारी सकाळी अण्णा बस्तीतून घरी आले. पारणं व्हायचं होतं, अण्णांच्या पत्नी चंदनबाला काकू मुगाचं पाणी गरम करत होत्या. तेवढ्यात त्यांनी मोबाईल सुरू केला. त्यात पन्नास-साठ माणसांनी क्षमा मागून ठेवली होती. अण्णांनी ओळीनं सगळ्यांना क्षमा केली.

खाली टेम्पोत कपाट चढत असताना शालूबाईंचा मोबाईल वाजला. आधी कमळाचं चित्र आलं, त्यावर 'उत्तम क्षमा', आणि खाली अण्णांनी स्वतः लिहिलेलं: 'आमचंही काही चुकलं असल्यास क्षमा असावी. सावकाश या. नवीन धणे आलेत, चांगले आहेत. तुमचे वीस किलो बाजूला काढून ठेवतो.'

शालूबाईंनी ते मला वाचायला लावलं. मग परत वाचायला लावलं. टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, गादी वर टाकू का मधी?"

"थांब रं जरा," शालूबाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. "सर, त्येंला काय कळलंच न्हाई."

मी म्हटलं, "दुसरा मेसेज पाठवू. स्पष्ट लिहू."

"काय लिवणार? कायमची जाते? पारण्याच्या घासाला?"

वीरधवल पहाटेच गाडी घेऊन आला होता. तो म्हणाला, "आई, फोन कर आणि सांगून टाक. आपल्याला घाटात ट्रॅफिक लागायच्या आत निघायला हवं."

"तू गप रं. तुझ्या घाटाचं बघ."

बसल्या बसल्या त्यांनी काय ठरवलं ते मला कळलं नाही. उठल्या, पदर खोचला आणि निघाल्या. मी मागून गेलो. कशासाठी, ते विचारू नये. गल्लीत असं काही चाललेलं असताना मागून न जाणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. अण्णांचं घर दुकानाच्या वरच. शटर खाली होतं, सोमवारी संध्याकाळपर्यंत दुकान बंद असल्याची पाटी लटकत होती. आम्ही जिना चढलो.

अण्णा पाटावर बसले होते, दहा दिवसांत बरेच वाळलेले. काकूंनी वाटी हातात दिली होती. आम्हाला पाहून अण्णांनी हात जोडायला वाटी खाली ठेवली.

"प्या आधी," शालूबाई म्हणाल्या. "माझ्यापायी थांबू नका."

अण्णांनी दोन घोट घेतले. शालूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मी वाट बघत होतो, त्या काय शब्द वापरतात याची. सगळे शब्द तर काल खोडून झाले होते.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "धणं काढून ठिवू नका."

अण्णांनी वाटी तोंडाशी नेलेली तशीच खाली आणली. हा माणूस बायकांच्या सामानाच्या यादीवरून त्यांच्या घरातलं लग्न ओळखतो, आजार ओळखतो, सासू आल्याचं ओळखतो. शालूबाईंनी कधी धणे नाकारले नव्हते. हवालदार गेले त्या वर्षीसुद्धा नाही. ते त्यांच्याकडे बघत राहिले. मग खिडकीतून खाली, टेम्पोकडे. मग म्हणाले, "खोकी त्याच्यासाठी नेली व्हय?"

"व्हय."

"माळा आवरायचाय म्हणाला होता."

"माळ्यावरचंबी हाय त्यात."

काकूंनी पदर डोळ्याला लावला. अण्णांनी लावला नाही, त्यांना अजून मुगाचं पाणी संपवायचं होतं. ते त्यांनी संपवलं, शांतपणे, तळाशी काही न ठेवता. मग विचारलं, "कधी ठरलं?"

"गवरीत."

"रोज दुकानात येत होता की."

"सांगायला येत हुते. तुमी जिरं देत हुता."

यावर अण्णा हसले. दहा दिवसांच्या उपवासानंतर हसणं जड जातं, मध्येच थांबले. मग वाटी बाजूला सारून त्यांनी हात जोडले, नीट, दोन्ही तळवे एकत्र. "वैनी, मघाशी ते कमळ पाठवलं ते खरं नव्हे. ते सगळ्यांना पाठवलंय. तुमची एक माफी वेगळी मागायची राहिलीय."

"माझी? कशाची?"

"गिऱ्हाईक विचारायचं, अण्णा, चटणी कशीय? मी म्हणायचो एक नंबर. खाल्ली कधी नाही. सत्याचा एक दिवस असतो पर्युषणाच्या दहा दिवसांतला, दरवर्षी बस्तीत ऐकायचो आणि संध्याकाळी दुकानात येऊन परत म्हणायचो, एक नंबर."

शालूबाईंनी जरा विचार केला. "पर हाय की एक नंबर."

"असेल. मला माहीत नाही ना."

"मग आता चाखून बघता का?"

"नाही," अण्णा म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या तसंच," शालूबाई म्हणाल्या. "मी म्हणते एक नंबर हाय, तुमी माझ्यावर इस्वास ठिवून म्हणालासा. ह्यात खोटं काय हाय?"

या युक्तिवादाला शास्त्रात काय उत्तर आहे ते मला माहीत नाही. अण्णा पाटावरच बसून राहिले. काकू मात्र म्हणाल्या, "अहो, बाईंनी माफ केलं, आता उठा, त्यांचा टेम्पो उभा आहे," आणि त्यांनी शालूबाईंना कुंकू लावलं नाही, कारण लावायचं नसतं असं कोणी तरी ठरवलेलं आहे. त्यांनी त्यांचे दोन्ही हात हातात धरून बराच वेळ सोडले नाहीत. आमच्या भागात मिठी मारत नाहीत. तेवढं पुरतं.

अण्णा काठीच्या आधारानं खाली उतरले. काकू 'चक्कर येईल' म्हणत मागं आल्या. अण्णांनी शटर अर्धं वर केलं, वाकून आत गेले आणि आतून ओरडले, "वीरधवल, ये रे इकडं." वीरधवल आत गेला आणि खांद्यावर पोतं घेऊन बाहेर आला.

"धणं नको म्हणलं न्हवं?" शालूबाई म्हणाल्या. "शिरवळात धणं मिळत्यात."

"मिळतात. कसले मिळतात ते आधी बघा."

"मी आता चटणी करायची का न्हाई त्येचा पत्त्या न्हाई. लहान पोर हाय घरात."

"पोर झोपतंय की दुपारचं," अण्णा म्हणाले. "आणि चैत्राला अवकाश आहे. मिरची मी बघतो. एसटीनं पाठवतो, तुम्ही डबे एसटीनं धाडा. फळी मोकळी ठेवून काय करू?"

टेम्पोवाल्यानं विचारलं पोतं कुठं ठेवायचं. शालूबाई म्हणाल्या पुढं, माझ्याजवळ. वीरधवलला त्या गाडीत बसतील असं वाटलं होतं, पण त्या धण्यांसकट टेम्पोतच बसल्या, कपाटावर लक्ष ठेवायला म्हणून. अण्णा टेम्पोवाल्याला पेठ नाक्यापर्यंतचा रस्ता समजावत होते, जो तो रोज जातो. टेम्पो सुरू झाला. शालूबाईंनी खिडकीतून मान काढली.

"येते अण्णा."

"या," अण्णा म्हणाले. "पोचलात की कळवा. आणि वैनी, नीट कळवा. कालच्यासारखं नको."

टेम्पो वळला. अण्णा दुकानात गेले आणि गादीवर बसले. शटर अर्धं वरच होतं, पाटीही तशीच लटकत होती. काकू हाक मारून दमल्या आणि वर गेल्या. थोड्या वेळानं मला करमेना. मी वाकून आत गेलो आणि म्हटलं, "अण्णा, एक उदबत्तीचा पुडा द्या."

"आज दुकान बंद आहे," अण्णा म्हणाले.

"मग शटर?"

"वारं येतंय जरा," ते म्हणाले. मी समोरच्या बाकड्यावर बसलो, आणि त्यांनी काही जा म्हटलं नाही.